पहिल्या कार्डाची किंमत

अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच असा एक पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर लाल, पांढऱ्या, निळ्या पट्ट्यांची चौकट आणि चौकटीत बास्केटकडे झेपावलेला मायकेल जॉर्डन. अमेरिकेतल्या फ्लीअर कंपनीने १९८६ साली हे कार्ड छापले आणि पाकिटात घालून दुकानांत विकायला ठेवले. जानेवारी २०२१ मध्ये अशी दोन कार्डे एकाच लिलावात प्रत्येकी ७,३८,००० डॉलरला गेली. त्या वेळच्या दराने एका कार्डाचे पाच कोटी रुपयांहून अधिक झाले.

आपल्याकडेही च्युइंगगमच्या वेष्टनातून निघणारी क्रिकेटपटूंची चित्रे पोरांनी जिवापाड जपलेली आहेत. त्यामुळे कार्ड जमवण्याचा नाद समजावून सांगायला नको. पण संग्राहक एवढे पैसे नेमके कशाचे मोजतात?

बहुतेक जण चटकन म्हणतील, दुर्मीळ असेल म्हणून. इथेच गफलत होते. त्याच फ्लीअर कंपनीने पुढच्या वर्षी, १९८७ साली, जॉर्डनचे आणखी एक कार्ड काढले. खेळाडू तोच, कंपनी तीच, कार्डाचा आकारही तोच. कार्डांचा दर्जा तपासून देणाऱ्या संस्थांच्या नोंदी पाहिल्या, तर १९८७ ची कार्डे १९८६ च्या कार्डांपेक्षा बरीच कमी आहेत. म्हणजे दुर्मीळ म्हणायचे तर दुसरे कार्ड. तरीही सारख्याच दर्जाच्या दोन प्रतींत ते पहिल्याच्या किमतीच्या जवळपासही जात नाही.

हा फरक येतो मागणीतून. जॉर्डनची शेकडो वेगवेगळी कार्डे निघाली आणि ती सगळी जमवणारे थोडेच असतात. बाकीच्या चाहत्यांना त्याचे एकच कार्ड हवे असते, पण ते कपाटात मानाने ठेवावे असे हवे. एकच घ्यायचे तर कोणते, या प्रश्नाला सगळ्यांचे उत्तर एकच येते : पहिले. हौशी माणूस तेच मागतो, आणि पैसे गुंतवायला आलेलाही तेच मागतो, कारण उद्या विकायला काढले तर गिऱ्हाईक याच कार्डाला मिळेल हे त्याला ठाऊक असते. शेकडो कार्डांवर विभागली गेली असती ती मागणी अशी एकाच कार्डावर येऊन साचते. माझ्या मते रुकी कार्डाला मिळणारा वाढीव भाव मुख्यतः या एकमताचा आहे. कागद किंवा छपाई यांचा त्यात फारसा वाटा नाही.

नवख्या खेळाडूला इंग्रजीत रुकी म्हणतात, त्यावरून रुकी कार्ड हे नाव पडले. पण ‘पहिले’ कशाला म्हणायचे, हेही संग्राहकांनी आपापसांत ठरवलेले आहे. जॉर्डन एनबीएमध्ये उतरला १९८४ साली. म्हणजे फ्लीअरचे कार्ड आले तेव्हा तो नवखा राहिलाच नव्हता, त्याचा तिसरा हंगाम सुरू होत होता. त्याआधी स्टार नावाच्या छोट्या कंपनीने त्याचे कार्ड काढलेले होते. पण स्टारची कार्डे दुकानातल्या पाकिटांतून मिळत नसत. एकेका संघाची कार्डे पारदर्शक पिशवीत घालून विक्रेत्यांमार्फत जात. देशभर कुठल्याही मुलाला पाकीट फोडून मिळू शकेल तेच खरे रुकी कार्ड, हा संकेत बाजारात रुजत गेला, किमतींच्या मार्गदर्शक पुस्तकांनी तो पक्का केला आणि मान फ्लीअरला मिळाला. स्टारच्या बाजूने भांडणारे जाणकार आजही आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण बाजार अजून फ्लीअरकडेच झुकलेला आहे.

दुसरे कारण दर्जाचे. १९८६ साली जॉर्डनने एनबीएचे एकही अजिंक्यपद जिंकलेले नव्हते. पहिले मिळाले १९९१ मध्ये. कार्ड येण्याआधीच्या हंगामात तर पायाचे हाड मोडल्याने तो १८ च सामने खेळला होता. त्यामुळे पाकिटातून निघालेले त्याचे कार्ड कुणी तिजोरीत ठेवले नाही. मुलांनी ते हाताळले, रबरबँडने गठ्ठ्यात बांधले. शिवाय चौकटीचा रंग कार्डाच्या कडेपर्यंत गेलेला असल्याने जरा घासले की खालचा पांढरा कागद डोकावतो. कापताना चित्र एका बाजूला सरकलेले असणे, हाही या कार्डांचा नेहमीचा दोष. म्हणून कार्डे हजारोंनी शिल्लक असली तरी निर्दोष प्रती काही शेच आहेत. पीएसए ही संस्था कार्ड तपासून एक ते दहा असा अंक देते आणि कडक प्लॅस्टिकच्या डबीत ते सीलबंद करते. वर सांगितलेली दोन्ही कार्डे दहापैकी दहावाली होती. त्याच कार्डाला नऊ मिळाले की किंमत कित्येक पटींनी खाली येते. साध्या डोळ्यांना तो फरक दिसेलच असे नाही.

याच्या उलट उदाहरण बेसबॉलमधल्या केन ग्रिफी ज्युनिअरचे. १९८९ सालच्या अपर डेक संचातले पहिल्या क्रमांकाचे कार्ड त्याचे. तोवर रुकी कार्डांना पैसा येतो हे घरोघरी कळले होते. कार्ड भरपूर छापले गेले आणि लोकांनीही ते पाकिटातून निघाल्याबरोबर जपून ठेवले. पीएसएने दहापैकी दहा दिलेल्या त्याच्या चार हजारांहून अधिक प्रती आहेत. ग्रिफी मोठा खेळाडू, कार्ड सर्वांच्या आवडीचे, तरी भाव जॉर्डनच्या पासंगालाही पुरत नाही. एकमताला टंचाईची जोड मिळाली नाही की असे होते.

हा नियम सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवे. मिकी मँटलचे रुकी कार्ड बोमन कंपनीचे, १९५१ सालचे. पण संग्राहकांचा जीव जडला तो टॉप्सच्या १९५२ च्या कार्डावर, आणि त्याचीच एक प्रत २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकली गेली. टॉप्सचा तो पहिला मोठा संच. त्याच्या शेवटच्या भागातली न खपलेली कार्डे पुढे समुद्रात बुडवण्यात आली. एकमत पहिल्या कार्डाऐवजी दुसऱ्यावर झाले, तर भावही तिकडेच जातो.

हौस म्हणून जॉर्डनचे कार्ड घ्यावेसे वाटले, तर आधी दोन गोष्टी पाहा. या कार्डाच्या नकला उदंड आहेत. भिंग लावून अक्षरे आणि काळ्या रेघा तपासा. अस्सल कार्डात त्या सलग, ठळक शाईच्या असतात. मूळ कार्डावरून नक्कल उतरवली असेल, तर रेघाही रंगीत ठिपक्यांच्या बनलेल्या दिसतात. सुट्या कार्डापेक्षा ओळखीच्या संस्थेच्या सीलबंद डबीतले घ्या, आणि डबीवरचा क्रमांक संस्थेच्या नोंदीशी ताडून बघा. दुसरी गोष्ट भावाची. ७,३८,००० डॉलरचा आकडा करोनाकाळातल्या तेजीतला होता. पुढच्या दीडेक वर्षात तसेच कार्ड २ लाख डॉलरच्या आसपास आले.

१९८६ च्या त्या संचात १३२ कार्डे आहेत, आणि जॉर्डनचे ५७ वे. टॉप्सने काही वर्षांपूर्वीच बास्केटबॉलची कार्डे छापणे थांबवले होते, त्यामुळे पाकिटातून आलेले पहिले कार्ड हा मान या संचातल्या आणखी कितीतरी खेळाडूंच्या कार्डांना लागू होतो. त्यांतल्या नाव न कमावलेल्या खेळाडूंची कार्डे आजही काही डॉलरांत मिळतात.