बंपरच्या कोपऱ्याला दिसतं तेवढंच

गाडी रिव्हर्सला टाकली की मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, प्लास्टिकच्या आड बसवलेली दोन छोटी रडार कामाला लागतात. डावी-उजवीकडून काही जवळ येतंय का आणि किती वेगाने, हे ती परत आलेल्या रेडिओ लहरींवरून ओळखतात. धोका वाटला की आरशात दिवा लागतो, बीप वाजतो. काही गाड्या त्यापुढे जाऊन स्वतःच ब्रेक लावतात. त्यासाठी रडारच्या जोडीला जवळचं ओळखणारे पार्किंग सेन्सर आणि बऱ्याचदा कॅमेराही वापरला जातो.

मोकळ्या जागी हे छान चालतं. अडचण येते ती भरलेल्या पार्किंगमध्ये, कारण रडारला शेजारच्या गाडीच्या पत्र्याआरपार दिसत नाही.

समजा, तुमच्या दोन्ही बाजूंना लांबलचक एसयूव्ही उभ्या आहेत आणि त्यांची मागची बाजू तुमच्या बंपरपेक्षा 60 सेंटिमीटर बाहेर आहे. तुम्ही ताशी 5 किलोमीटरने मागे येताय. ते 60 सेंटिमीटर पार होईपर्यंत रडारला बाजूचं जवळजवळ काहीच दिसत नाही. त्यापुढे जेमतेम एक मीटरवरून ताशी 15 किलोमीटरने एक गाडी चालली आहे. म्हणजे नजर मोकळी झाल्यापासून टक्कर होईपर्यंत पाऊण सेकंदसुद्धा हातात नाही. बीप ऐकून पाय ब्रेकवर जायलाच साधारण एक सेकंद लागतो, त्यामुळे इथे नुसता इशारा कामाचा नाही. स्वयंचलित ब्रेकला संधी आहे, कारण या वेगात गाडी थांबायला वीसेक सेंटिमीटर पुरतात. पण रडारने आधी समोरचं खरंच वाहन आहे अशी खात्री करायची, मग ब्रेकमध्ये दाब तयार व्हायचा, यातही वेळ जातो.

अमेरिकेतल्या एएए या वाहनचालक संघटनेने 2023 मध्ये मागून गाडी आडवी जात असतानाची अशी चाचणी घेतली. 65 टक्के वेळा ब्रेक आपोआप लागले, पण टक्कर टळली फक्त 2.5 टक्के वेळा. मागे लहान मुलाचा पुतळा उभा केला तेव्हाही निम्म्याच वेळा धडक टळली. मला हा दुसरा आकडा जास्त अस्वस्थ करतो. आडव्या वाहतुकीचा इशारा मुख्यतः चालत्या वाहनांसाठी बनवलेला असतो. स्तब्ध उभं असलेलं मूल त्यात येईलच असं नाही.

तिरप्या पार्किंगमध्ये आणखी एक गोम असते. एका कोपऱ्यातलं रडार थेट शेजारच्या गाडीकडे तोंड करून बसतं आणि ती बाजू जवळपास आंधळी होते. बंपरवरचा चिखल किंवा डेंटिंग-पेंटिंगनंतर चढलेला रंगाचा जाड थरही लहरी अडवतो.

वेग मात्र तुमच्या हातात आहे. वरच्याच उदाहरणात ताशी 2 किलोमीटरने, ब्रेकवर पाय ठेवून सरकलात तर पाऊण सेकंदाचे पावणेदोन होतात, आणि तेवढ्यात इशारा ऐकून थांबता येतं. शक्य असेल तिथे गाडी रिव्हर्सने लावावी, म्हणजे निघताना तोंड रस्त्याकडे राहतं. आणि गाडीने स्वतः ब्रेक मारलाच, तर लगेच आपलाही पाय ब्रेकवर दाबावा. बऱ्याच गाड्या दोनेक सेकंदांनी तो सोडून देतात.