झिरप रोखणारी माती

कचऱ्याच्या ढिगाखाली साचणारे काळे, उग्र पाणी, म्हणजेच लीचेट, जमिनीत उतरू नये म्हणून शास्त्रोक्त लँडफिलच्या तळाशी मातीचा थर दाबून बसवतात. आपल्या 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी या थराची जाडी 90 सेंटिमीटर आणि त्यावर दीड मिलिमीटर जाड एचडीपीई प्लास्टिकची चादर असावी असे ठरवले होते. मातीची पार्यता, म्हणजे तिच्यातून पाणी किती सहज झिरपते त्याचे माप, त्या नियमांनुसार सेकंदाला एका सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागाहून जास्त चालत नव्हते.

हा आकडा डोळ्यांपुढे आणायचा तर चादर क्षणभर बाजूला ठेवू आणि थरावर 30 सेंटिमीटर लीचेट साचले आहे असे धरू. माती नियमात बसत असेल तर एका हेक्टरमधून दिवसाला साधारण 1,150 लिटर पाणी खाली उतरते. पार्यता दहापट वाढली तर तेच 11,500 लिटर होते, म्हणजे रोज एका मोठ्या टँकरहून जास्त.

ही दहापट नजरेला दिसत नाही. टेक्सास विद्यापीठातील डेव्हिड डॅनियल यांनी 1984 मध्ये प्रत्यक्ष थरांमधली झिरप प्रयोगशाळेतल्या निकालांशी ताडून पाहिली, तेव्हा जागेवरची पार्यता दहा ते हजारपट जास्त निघाली. प्रयोगशाळेत मूठभर माती चाळून, नीट भिजवून साच्यात ठोकतात. जागेवर मात ढेकळे असतात, थरांचे सांधे असतात, उन्हाने पडलेल्या भेगा असतात, आणि पाणी नेमक्या याच वाटांनी जाते.

सर्वात घातक गैरसमज असा, की माती घट्ट बसली म्हणजे झिरप थांबली. रस्त्याच्या भरावात घनतेला मान असतो आणि तिथे तो योग्यच आहे. इथे तेवढ्याने भागत नाही. कोरडसर माती जड रोलरने दाबली तर घनता 95 टक्क्यांची अट सहज पार करते, पण ढेकळे कडकच राहतात आणि त्यांच्यामधल्या फटी जोडलेल्याच राहतात. पुरेशा ओल्या मातीत ढेकळे मऊ होऊन एकमेकांत मिसळतात, कणीक मळताना होते तसे. म्हणून प्रॉक्टर चाचणीत जास्तीत जास्त घनता ज्या ओलाव्याला मिळते, त्याहून साधारण 1 ते 4 टक्के जास्त ओलावा ठेवतात. त्याहून फार ओली केली तर माती रोलरखाली दबण्याऐवजी लोळू लागते आणि कमकुवत होते.

उदाहरणादाखल, एका मातीचा हा इष्टतम ओलावा 20 टक्के आहे आणि खाणीतून ती 16 टक्के ओलाव्याची येते. ती 22 टक्क्यांवर न्यायची आहे. एका हेक्टरवर दाबून 15 सेंटिमीटर होणाऱ्या एका थरात सुमारे 2,475 टन कोरडी माती बसते. तिला जवळपास दीडशे टन पाणी लागेल, म्हणजे दहा हजार लिटरचे पंधरा टँकर. असे सहा थर. शिवाय पाणी शिंपडले की काम झाले असे नव्हे. ते ढेकळांच्या गाभ्यात मुरायला वेळ लागतो, चिकट मातीत तर दिवसही. इथेच घाई होते: वरून ओली दिसणारी माती आतून कोरडी असतानाच रोलर फिरतो.

रोलर शीपफूट लागतो. त्याचे लांब पाय नव्या थरातून आरपार जाऊन खालच्या थरात रुततात आणि दोन्ही थर एकजीव करतात. खालचा पृष्ठभाग गुळगुळीत राहिला तर सांध्यातून पाणी आडवे पसरते आणि पुढची भेग शोधते. म्हणून नवा थर टाकण्याआधी तो खरवडून ओला करतात.

महाराष्ट्रात काळी माती जवळच मिळते आणि ओली असताना ती पाणी उत्तम अडवते. मात्र सुकली की ती खोल भेगाळते, आणि तिची ढेकळे फोडणेही अवघड. कमी चिकट माती असेल तर तिच्यात बेंटोनाइट मिसळतात. काहीही असले तरी पूर्ण झालेला थर उन्हात उघडा टाकता येत नाही. तो ओला ठेवतात किंवा झाकतात आणि एचडीपीईची चादर लवकरात लवकर अंथरतात.

गुणवत्ता तपासणारा माणूस कंत्राटदाराहून स्वतंत्र हवा. प्रत्येक थरात तो ओलावा आणि घनता मोजतो, नळीने नमुने काढून पार्यता तपासतो आणि नमुन्यांची भोके बेंटोनाइटने बुजवतो. मात्र बोटभर रुंद भेग नळीच्या शेजारी असली तर नमुना चांगलाच निघेल. यावर उपाय म्हणजे मुख्य कामाआधी त्याच मातीने, त्याच रोलरने आणि तेवढ्याच फेऱ्यांनी चाचणीपट्टा बांधणे. त्यावर दोन कडी, त्यातले आतले बंदिस्त, बसवून पाणी भरतात आणि आतल्या कड्यातून किती झिरपले ते आठवडेच्या आठवडे मोजतात. ही चाचणी मोठ्या क्षेत्रावर होते, त्यामुळे नळीला न सापडणाऱ्या फटीही तिच्यात पकडल्या जातात. पट्टा नापास झाला तर ओलावा, ढेकळांचा आकार किंवा रोलरच्या फेऱ्या बदलून दुसरा पट्टा बांधतात आणि तो पास झाल्यावरच मुख्य तळाला हात घालतात.