नथ शार्प, डोळे धूसर

लग्नाच्या अल्बममध्ये असा एक तरी फोटो सापडतोच. नवरीचा क्लोजअप असतो, मागची रोषणाई छान विरघळलेली असते, नथीचा मोती न् मोती मोजून घ्यावा इतका स्पष्ट असतो, पण डोळे किंचित धुरकट. घरच्यांना फोटोत काहीतरी खटकतं, नेमकं काय ते सांगता येत नाही. जाणकाराला मात्र लगेच कळतं की फोकस दोन-तीन सेंटिमीटर पुढे पडला आहे. चेहऱ्याच्या फोटोत बाकी काहीही धूसर असलं तरी पाहणारा सांभाळून घेतो, डोळ्यांच्या बाबतीत मात्र नाही.

दोन-तीन सेंटिमीटरने एवढा फरक का पडावा? फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिमीची लेन्स लावली, ॲपर्चर f/1.8 ठेवलं आणि नवरीपासून दीड मीटरवर उभं राहिलं, तर जे अंतर स्पष्ट दिसतं त्याची एकूण जाडी भरते साधारण ३.२ सेंटिमीटर. म्हणजे डोळ्याच्या पुढे दीड सेंटिमीटर आणि मागे दीड सेंटिमीटर. f/1.4 ची लेन्स असेल तर तीच जाडी अडीच सेंटिमीटरवर येते. हा हिशेबही उदार आहे बरं का. मध्यम आकाराची प्रिंट हातात धरून पाहताना जे ‘शार्प’ वाटतं ते यात गृहीत धरलेलं असतं. हाच फोटो संगणकावर पूर्ण मोठा करून पाहिला तर हा पट्टा आणखी बारीक भासतो. नथ डोळ्याच्या पुढेच असते, तिच्यावरचे मोती चमकतात, त्यांच्या कडा ठळक असतात. फ्रेममध्ये कुठेही फोकस करायची मोकळीक दिली की कॅमेरा बहुधा जवळची आणि ठळक कडांची वस्तू पकडतो. नथ दोन्ही अटींत बसते.

आय एएफ म्हणजे डोळा शोधून त्यावर फोकस करणारी यंत्रणा इथे कामाला येते. मिररलेस कॅमेऱ्यात फोकसचं मोजमाप थेट इमेज सेन्सरवरच होतं. सेन्सरवर पडणारं दृश्य कॅमेरा सतत वाचत असतो, त्यात आधी चेहरा आणि मग डोळा शोधतो, आणि फोकसचा चौकोन तिथे नेऊन ठेवतो. पुढचं काम सेन्सरवरच्या फेज-डिटेक्शन पिक्सेलचं. प्रतिमा किती आणि कुठल्या दिशेला फोकसबाहेर आहे हे ते मोजतात आणि लेन्सची मोटर तेवढी हलते. जुन्या डीएसएलआरमध्ये फोकसचा सेन्सर वेगळा, आरशाखाली असायचा. त्याला फ्रेमच्या मधल्या भागातले मोजके बिंदू दिसत, आणि लेन्स व बॉडीचं जुळणी-गणित जरा बिघडलं की प्रत्येक फोटोत फोकस थोडा मागे नाहीतर थोडा पुढे पडायचा. मिररलेसमध्ये ते दुखणं जवळजवळ संपलं.

ही सोय अलीकडे अंगवळणी पडली आहे. २०१३च्या सोनीच्या ए-७ मध्ये ती होती, पण त्यासाठी वेगळं बटण दाबून धरावं लागे. फोकस सुरू असताना ती आपोआप चालावी, अशी सुधारणा सोनीने २०१९ मध्ये आणली. त्याच वर्षी निकॉनने झेड-६ आणि झेड-७ ला फर्मवेअरमधून डोळा ओळखायला शिकवलं.

इथे एक गैरसमज फार आहे. डोळ्यावर चौकोन आला म्हणजे फोकस झाला, असं अनेक जण धरून चालतात. चौकोन आल्याचा अर्थ एवढाच की कॅमेऱ्याला डोळा सापडला. सोनीमध्ये तो पांढरा असेपर्यंत डोळा फक्त ओळखलेला असतो, हिरवा झाला की फोकस बसला. इतर कंपन्यांचे रंग वेगळे आहेत, तत्त्व तेच. त्यातही सतत फोकस करणाऱ्या मोडमध्ये, म्हणजे AF-C किंवा कॅननच्या Servo मध्ये, फोकस पुरता बसण्याआधीच बटण दाबलं तरी बरेच कॅमेरे फोटो काढून मोकळे होतात. म्हणून क्षणभर थांबून रंग बदलला की मगच क्लिक करावं.

तरीही पोर्ट्रेटला AF-C च वापरावं, AF-S नाही. AF-S एकदा फोकस करून तिथेच थांबतो. उभा माणूस कितीही ‘स्तब्ध’ उभा असला तरी श्वासाबरोबर, बोलण्याबरोबर एखाद-दोन सेंटिमीटर पुढे-मागे होतो, फोटोग्राफर स्वतःही होतो. आणि आपल्याकडे शिल्लक आहे जेमतेम दीड सेंटिमीटर.

आता बॅक-बटन फोकस. एरवी शटरचं बटण अर्धं दाबलं की फोकस होतो आणि पूर्ण दाबलं की फोटो निघतो. बॅक-बटनमध्ये ही दोन कामं वेगळी केली जातात. फोकस कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या AF-ON या बटणाकडे, म्हणजे अंगठ्याकडे, आणि शटर फक्त तर्जनीकडे. कॅननने ही कल्पना १९८९ मध्ये ईओएस ६३० या फिल्म कॅमेऱ्यात आणली. पुढे खेळ आणि वन्यजीव टिपणाऱ्यांनी ती उचलून धरली, कारण कॅमेरा सतत AF-C वर ठेवून दोन्ही कामं साधतात. अंगठा दाबून धरला की फोकस पाठलाग करतो, सोडला की आहे तिथेच थांबतो.

पोर्ट्रेटवाल्यांनी मात्र यातून एक वेगळीच सवय लावून घेतली. मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस करायचा, अंगठा सोडायचा, मग कॅमेरा वळवून रचना साधायची आणि क्लिक. f/5.6 ला हे खपून जातं. f/1.8 ला काय होतं ते पाहा. कॅमेरा उभा धरलाय, लेन्स तीच ८५ची, अंतर दीड मीटर. डोळे फ्रेमच्या वरच्या एक तृतीयांश भागाच्या मध्यावर आणायचे तर कॅमेरा सुमारे आठ अंशांनी खाली वळवावा लागतो. फोकसची पातळी ही कॅमेऱ्यासमोर धरलेल्या सपाट काचेसारखी असते, कॅमेरा वळला की तीही वळते. आठ अंशांत डोळ्याजवळ ती साधारण दीड सेंटिमीटर मागे सरकते. म्हणजे आपल्याकडे जेवढी सूट होती, तेवढी सगळी एका वळणात संपली. f/1.4 ला तर डोळा पट्ट्याच्या बाहेरच जातो.

म्हणून माझं मत असं की आय एएफ असलेल्या कॅमेऱ्यावर बॅक-बटन वापरावं, पण जुन्या सवयीने नव्हे. रचना आधी करावी, डोळा फ्रेममध्ये असेल तिथे कॅमेरा तो शोधतो. अंगठा दाबावा आणि क्लिक होईपर्यंत सोडू नये. अंगठा सोडायचा तो फक्त कॅमेऱ्याला डोळा दिसणार नाही किंवा भलतंच काही दिसेल अशा वेळी.

अशी वेळ मराठी लग्नात ठरलेली आहे. अंतरपाट. समजा, तुम्ही नवरदेवाच्या खांद्यामागे, नवरीपासून तीन मीटरवर उभे आहात. मंगलाष्टकं सुरू आहेत, मध्ये कापड धरलं आहे, वरून अक्षता पडताहेत. शटरवर फोकस ठेवलेला असेल तर मधल्या काळात काढलेल्या प्रत्येक फोटोगणिक लेन्स अंतरपाटाच्या विणीवर, कधी मध्ये आलेल्या मामाच्या फेट्यावर जाऊन बसते. ‘सावधान’ झालं, कापड खाली आलं, की तिला तिथून पुन्हा नवरीच्या डोळ्यापर्यंत धाव घ्यावी लागते, आणि तिच्या चेहऱ्यावरचा तो पहिला भाव तोवर निघून जातो. बॅक-बटन असेल तर कापड धरण्याआधीच अंगठ्याने नवरीच्या डोळ्यावर फोकस करून ठेवावा आणि अंगठा उचलावा. मध्ये काहीही आलं तरी फोकस हलत नाही. तीन मीटरवर f/1.8 चा पट्टा १३ सेंटिमीटरचा होतो, f/2.8 ला जवळजवळ २० सेंटिमीटर. त्यामुळे नवरी पाच-सात सेंटिमीटर सरकली तरी f/2.8 वर काढलेला पहिला फोटो हाती लागतो. कापड हलताच पहिला फोटो तसाच काढावा, लगेच अंगठा दाबावा, आणि लेन्स आधीच जवळपास असल्याने आय एएफ चटकन डोळा पकडतो.

आय एएफ फसतो कुठे? मुंडावळ्या डोळ्यासमोर झुलत असल्या की तो कधी डोळा सोडून त्या माळेवर बसतो. चष्म्याची जाड फ्रेम किंवा काचेतलं खिडकीचं प्रतिबिंब त्याला चकवतं. कपाळावरून आलेली बट, लांब पापण्या, खूप कमी उजेड याही नेहमीच्या अडचणी. अशा वेळी आय एएफ बंद करून एकच छोटा बिंदू जॉयस्टिकने डोळ्यावर नेणं हा जुनाच उपाय अजून सर्वांत भरवशाचा आहे. दुसरी गोष्ट, डावा-उजवा डोळा स्वतः निवडत असाल तर सोनीमध्ये ‘उजवा’ म्हणजे समोरच्या माणसाचा उजवा, तुम्हाला डावीकडे दिसणारा. कॅमेऱ्याकडे जवळ असलेला डोळा शार्प ठेवावा, हा संकेत पाळलेला बरा.

दोन्ही डोळे शार्प हवे असतील तर कितीही अचूक फोकस उपयोगाचा नाही. दोन बाहुल्यांमध्ये सरासरी ६.३ सेंटिमीटर अंतर असतं. चेहरा तीस अंशांनी वळवला की दूरचा डोळा जवळच्यापेक्षा तीन सेंटिमीटरहून थोडा मागे जातो, आणि f/1.8 वर आपल्याकडे मागे आहेत दीड. दीड मीटरवरून तो आत आणायचा तर f/4 लागतं.

फोटो धूसर आला तर दोष शोधायचा तो तिथेच, स्क्रीनवर पूर्ण मोठा करून. नथ किंवा नाकाचा शेंडा स्पष्ट असेल तर फोकस पुढे पडला, झुबे किंवा कानशिलाचे केस स्पष्ट असतील तर मागे. फ्रेममध्ये काहीच स्पष्ट नसेल आणि सगळ्या कडा एकाच दिशेला ओढल्यासारख्या दिसत असतील, तर तो फोकसचा दोष नव्हे. हात हलला आहे, शटरचा वेग वाढवा.

बॅक-बटन करायची मेन्यूतली जागा प्रत्येक कंपनीची निराळी. सोनीमध्ये `AF w/ Shutter` हे `Off` करायचं, निकॉनमध्ये `AF activation` ला `AF-ON only` निवडायचं, कॅननमध्ये बटणांच्या सेटिंगमध्ये जाऊन शटरच्या अर्ध्या दाबाला फक्त `Metering start` द्यायचं. हात बसायला काही दिवस लागतात. आणि एक लक्षात ठेवा, असा कॅमेरा कुणा नातेवाइकाच्या हाती ‘आमचा एक काढ ना’ म्हणून देताना अंगठ्याचं बटण आधी समजावून सांगा किंवा फोकस पुन्हा शटरवर आणून द्या. नाहीतर तो बिचारा शटर दाबत राहील, कॅमेरा एकदाही फोकस करणार नाही, आणि घरच्यांच्या सगळ्या फोटोंत तुम्हीच तेवढे धूसर निघाल.