वरून वाहतं, खाली कोरडं

बारामतीकडच्या पणदऱ्याच्या काळ्या रानात जोराचा वळीव कोसळला की थोड्याच वेळात बांधाच्या कडेनं गढूळ ओहळ धावू लागतात. पाऊस थांबताच कुळवून ठेवलेल्या रानात जाऊन खुरप्यानं उकरून पाहावं. चार बोटं ओल लागते आणि तिच्याखाली माती ठणठणीत कोरडी असते. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा पट्टा, वर्षाचा पाऊस सुमारे ५०० मिलिमीटर. पाण्यासाठी आसुसलेली जमीन आलेलं पाणी ओढ्याला देऊन टाकते, आणि तेही पोटात भरपूर जागा असताना! जमीन भरली म्हणून पाणी वाहत नाही. पाऊस ज्या वेगानं पडतो त्या वेगानं तिला ते घेता येत नाही, म्हणून वाहतं. पाणी मुरण्याचा हा वेग मोजायला दोन लोखंडी रिंगा पुरतात.

हा वेग वेळेगणिक घटत जातो, आणि तो का घटतो हेच या विषयातलं सगळ्यात देखणं कोडं आहे. ते सोडवण्याची सोपी वाट ऑस्ट्रेलियातल्या ग्रीन आणि अँप्ट यांनी १९११ साली दाखवली. त्यांच्या मांडणीत ओल ही एक सपाट कड होऊन खाली सरकते. कडेखालची कोरडी माती पाण्याला आपल्याकडे ओढते, आणि त्या ओढीला गुरुत्वाकर्षणाची जोड मिळते. ओढ तेवढीच राहते, पण कड जसजशी खोल जाते तसतसं पाण्याला जास्त जाडीच्या ओल्या चिकणमातीतून वाट काढावी लागते. सूत्र एवढंच आहे:

f = K (1 + ψ/L)

यात f म्हणजे मुरण्याचा वेग, K म्हणजे ओल्या मातीतून पाणी वाहण्याची क्षमता, ψ म्हणजे कोरड्या मातीची ओढ आणि L म्हणजे ओलीची खोली. उदाहरणापुरतं भारी काळ्या मातीसाठी K तासाला ४ मिलिमीटर आणि ψ ३०० मिलिमीटर धरू. ओल १ सेंटिमीटर असताना वेग येतो तासाला १२४ मिलिमीटर, १० सेंटिमीटरला १६, आणि १ मीटरला जेमतेम ५.२. माती तीच, ओढही तीच. बदलली ती फक्त खोली. शेवटी ओढीचा वाटा जवळपास संपतो, गुरुत्वाकर्षण उरतं, आणि वेग K पाशी येऊन टेकतो.

रिंगांनी आपण हीच उतरण टिपतो. आतली रिंग ३० सेंटिमीटर व्यासाची, बाहेरची ६० ची. रिंगेवर आडवी लाकडी फळी ठेवून घणाचे ठोके फिरवून फिरवून द्यायचे आणि दोन्ही रिंगा १० ते १५ सेंटिमीटर जमिनीत बसवायच्या. एकाच बाजूला ठोकत राहिलं तर रिंग कलते, कडेला फट पडते आणि पुढचे सगळे आकडे त्या फटीचे निघतात. आत गोणपाटाचा तुकडा टाकून त्यावर पाणी ओतायचं, म्हणजे माती उधळून वरची छिद्रं बुजत नाहीत. मग गोणपाट काढून घ्यायचं. दोन्हींतली पातळी सारखी ठेवायची. बाहेरच्या रिंगेतलं पाणी मोजायचं नसतं. पाणी खाली उतरताना आडवंही पसरतं; ते पसरणं बाहेरच्या पाण्यानं सोसावं आणि आतलं पाणी शक्यतो सरळ खाली जावं, यासाठी ती असते.

सुरुवातीला मिनिटामिनिटाला वाचन घ्यावं लागतं, नंतर अंतर वाढवत न्यायचं. काळ्या मातीत खरी परीक्षा शेवटच्या तासांत असते. वेग तासाला ४ मिलिमीटरवर आला की पंधरा मिनिटांत पातळी १ मिलिमीटर उतरते. मोजपट्टीवर नजर अर्धा मिलिमीटर चुकली तरी आकडा निम्म्यानं बिघडतो. त्यापेक्षा मोजपात्रातून पाणी घालून पातळी पुन्हा खुणेवर आणावी. आतल्या रिंगेचं क्षेत्रफळ ७०७ चौरस सेंटिमीटर, म्हणून १ मिलिमीटर म्हणजे सुमारे ७१ मिलिलिटर. तासाभरात २८३ मिलिलिटर घालावं लागलं तर वेग ४ मिलिमीटर. आणि झाकण विसरू नये. मे महिन्याच्या दुपारी तासाला मिलिमीटरभर पाणी नुसतं उडून जाऊ शकतं. म्हणजे मोजायच्या आकड्याचा चौथा हिस्सा उन्हानं खाल्ला, आणि नोंदला गेला मातीच्या नावावर.

आता त्याच मातीवर तासभर, तासाला ४० मिलिमीटर वेगानं पाऊस पाडू. मातीच्या घनफळाच्या २५ टक्के जागा पाण्यासाठी मोकळी आहे असं धरू. मुरण्याचा वेग ४० वर कधी येईल? सूत्र सांगतं, ओल ३.३ सेंटिमीटर झाली की. तेवढ्या ओलीसाठी ८.३ मिलिमीटर पाणी लागतं, आणि ते साडेबारा मिनिटांत पडतं. तोवर थेंबन् थेंब मुरतो. त्यानंतर पाणी साचू लागतं आणि रानाला जरा उतार असला की अपधाव सुरू होतो. पुढची साडेसत्तेचाळीस मिनिटं मातीची भूक कमी होत जाते. हिशेब पूर्ण केला तर तासाअखेर मुरलेलं पाणी येतं २५.७ मिलिमीटर आणि वाहून गेलेलं १४.३. एकराला हे जवळपास ५८ हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर पावणेसहा. आणि ओल पोचली कुठवर? फक्त १० सेंटिमीटर. खुरप्याला लागलेल्या कोरड्या मातीचं उत्तर ते हेच.

मात्र सूत्रातली माती अखंड असते, पणदऱ्याची नसते. काळ्या मातीतली चिकणखनिजं वाळली की आकसतात आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. भेगेवर रिंग बसली तर पाणी ओततानाच गडप होतं. ते मुरलेलं नसतं. भेगेतून आडवं पळून बाहेरच्या रिंगेच्याही पलीकडे गेलेलं असतं. रिंगेबाहेर ओलसर डाग उमटला, किंवा आलेख सलग न उतरता धक्क्याधक्क्यानं उतरला, तर संशय घ्यावा. भेगा टाळून रिंग बसवणं हाही उपाय नव्हे, कारण उन्हाळ्याअखेरचा पाऊस खरोखरच भेगांतून आत जातो. माती फुगून भेगा मिटल्या की तेच रान अगदी वेगळं वागतं.

दुसरी गोम पाण्यात आहे. नीरा डाव्या कालव्याखालच्या भागात खारावलेल्या जमिनींचा प्रश्न जुना आहे. शेतीशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारजमिनींवर १९१० सालीच पत्रिका काढली होती. सोडियम जास्त असलेल्या मातीत क्षारयुक्त विहिरीचं पाणी रिंगेत ओतलं तर क्षार चिकणकणांना एकत्र धरून ठेवतात आणि वेग बरा दिसतो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात. ते पडलं की कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात. शिवाय पावसाचे थेंब मातीवर आपटून वर पापुद्रा धरतात. रिंगेत साचलेल्या पाण्याखाली तो मार बसण्याची सोयच नसते. वरून साचलेल्या पाण्याचा थोडा दाबही असतो. या तिन्ही गोष्टी एकाच बाजूला झुकतात, म्हणून अशा रानात रिंगेचा आकडा पावसापुढे बहुधा मोठाच ठरतो.

म्हणून अपधावासाठी मोजायचं असेल तर साठवलेलं पावसाचं पाणी वापरावं, निदान दोन्ही पाण्यांनी शेजारी-शेजारी चाचणी घ्यावी. एकाच रानात पाच-सहा ठिकाणी रिंगा बसवाव्यात. आकडे दुपटी-तिपटीनं वेगळे आले तर दचकू नये, माती तशीच असते. चाचणी मे अखेरीस एकदा आणि भेगा मिटल्यावर वाफशावर पुन्हा एकदा घ्यावी. बांधाची सांड काढायची असेल तर हिशेबाला दुसरा आकडा धरावा.