आरशातली नथ, फोटोतली नथ

संपादकांनी लग्नसराईवर लिहायला सांगितलं तेव्हा शालू, दागिने, कार्यालयांचे दर असलंच काहीतरी डोक्यात होतं. साताऱ्यातल्या एका मेकअप आर्टिस्टकडे गेले ती नुसती माहिती घ्यायला. तिथे ट्रायलसाठी आलेली नवरी म्हणत होती, "ताई, मेकअप कसाही करा, पण फोटो कमी काढायला सांगा." ते ऐकलं आणि बाकीचा विषय मागे पडला.

या व्यवसायाचा इतिहास थोडक्यात उरकते. मुंबईच्या सिनेमात अनेक वर्षं कामगार संघटनेकडून बायकांना केशभूषेचंच कार्ड मिळे, रंगभूषा पुरुषांकडे राखलेली. चारू खुराणा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ती बंदी बेकायदा ठरवली. लग्नघरात मात्र नवरीला सजवणं बायकांच्याच हातात होतं. गावोगावच्या पार्लरवाल्यांनी हे काम अनुभवातून शिकून घेतलं. या ताई त्यांतल्याच एक.

मुलीने साखरपुड्याचे फोटो दाखवले. "नाक केवढं दिसतंय बघा. आणि चेहरा वाकडा." आई लगेच म्हणाली, "काहीतरीच! छान आलेत." ताईंनी यातलं काहीच म्हटलं नाही. त्यांचा अनुभव असा, की फोटो न आवडणाऱ्या मुलीला 'छान दिसतेस' म्हटलं की ती आणखी आक्रसते. आपलं कुणी ऐकतच नाही असं तिला वाटतं. त्यांनी एकेक फोटो घेऊन विचारलं, हा कुणी काढला? किती लांबून?

मग चापाची एक नथ काढून मुलीच्या डाव्या नाकपुडीला लावली आणि तिला आरशापुढे बसवलं. "नथ कुठल्या हाताला दिसते?"

"डाव्या."

तेवढ्यात समोरून एक फोटो काढून हातात दिला. फोटोत नथ उजव्या हाताला गेली होती. नथीबरोबर भांगही सरकला होता आणि डावी भुवई, जी तिची किंचित वर आहे, तीही पलीकडे गेली होती. प्रत्येकाच्या चेहऱ्याच्या दोन बाजू थोड्या वेगळ्या असतात. आपण जन्मभर आरशातला चेहरा पाहतो, डोळ्याला तीच मांडणी सवयीची होते आणि फोटोत ती उलटली की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. ताईंनी तोच फोटो मोबाइलवर उलटा करून दाखवला. मुलगी म्हणाली, "हा बरा आहे." आई म्हणाली, "छे, पहिलाच चांगला." अमेरिकेत १९७७ साली झालेल्या एका अभ्यासात हेच आढळलं होतं: बायकांना स्वतःची आरशातली प्रतिमा जास्त आवडली, त्यांच्या मैत्रिणींना खरी. साताऱ्यातल्या त्या खोलीत मायलेकींनी तो निष्कर्ष दोन वाक्यांत दिला, आणि मला या कामाविषयी मनापासून आदर वाटला तो त्या क्षणी.

नाकाचं उत्तर वेगळं होतं. ताईंच्या फरशीवर खुर्चीपासून पाच फुटांवर चिकटपट्टीची एक खूण आहे. त्यांनी आधी एका फुटावरून फोटो काढला, मग खुणेवर उभं राहून, झूम करून, चेहरा तेवढाच मोठा दिसेल असा दुसरा. पहिल्यात नाक फुगलेलं आणि कान मागे गेलेले. दुसऱ्यात आरशात दिसतं तसं नाक. कॅमेरा जवळ असला की कानांच्या मानाने नाक त्याच्या बरंच जवळ येतं, म्हणून पुढे असलेलं नाक मोठं दिसतं. २०१८ सालच्या एका अमेरिकी अभ्यासाच्या हिशेबात एका फुटावरून नाकाची रुंदी पाच फुटांच्या मानाने सुमारे तीस टक्क्यांनी जास्त भासते. साखरपुड्याचे बहुतेक फोटो मावसबहिणींनी हात लांब करून काढलेले होते. मुलगी दोन्ही फोटो आलटून पालटून बराच वेळ बघत राहिली.

ताई सगळा दोष कॅमेऱ्याच्या माथी मारत नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटलं. "साखरपुड्याचा मेकअपही चुकला होता," त्या सरळ म्हणाल्या. फाउंडेशन रंगापेक्षा बरंच उजळ होतं. सावळ्या त्वचेवर ते राखाडी दिसतं आणि फ्लॅश पडला की चेहरा पांढरा, मान वेगळी. ताईंनी तीन छटांच्या रेघा जबड्यापासून मानेकडे ओढल्या आणि पंधरा मिनिटं थांबल्या, कारण काही फाउंडेशनं हवेत गडद होत जातात. मग खिडकीजवळ नेऊन जी रेघ दिसेनाशी झाली ती निवडली. डोळ्यांखाली आधी नारिंगी करेक्टर, मगच कन्सीलर. शेवटी खोली अंधारी करून फ्लॅशचा फोटो. आईने हळूच "थोडी उजळ करा ना" म्हटलं तेव्हा ताईंनी हा फोटो आणि साखरपुड्याचा फोटो शेजारी धरले. आई पुढे बोलली नाही.

ट्रायल इतकी नीट झाली, तरी लग्नाच्या दिवशी कार्यालयात सगळं नव्याने उभं राहिलं.

पहिली अडचण हळदीची. ताईंनी चेहऱ्याला आधी तेल लावून हळद नुसती टेकवायला सांगितलं होतं. आत्या-मावश्यांनी आदल्या संध्याकाळी हौसेने चोळली आणि मुलीने रात्री साबणाने खसाखसा धुतली. हळदीला साबणातला क्षार लागला की ती तांबूस होते. पारंपरिक कुंकू याच गुणावर बनतं. कानामागे आणि मानेवर लालसर-पिवळे डाग होते. हळदीचा रंग तेलात विरघळतो, म्हणून ताईंनी खोबरेल तेलाचे बोळे दाबून ठेवले आणि न घासता टिपले. बराचसा रंग गेला, सगळा नाही. ट्रायलची छटा आता मानेशी जुळेना. त्यात पिवळसर छटेचे दोन थेंब मिसळावे लागले. मुहूर्त बाराच्या आतला, आणि या सगळ्यात पाऊण तास गेला.

दुसरी अडचण भीतीची. मुलीच्या पापण्या थरथरत होत्या आणि ओठावर घाम जमत होता. घामावर पावडर थापली की तिचे थर फाटतात, म्हणून ताई नुसता टिश्यू टेकवत होत्या. लायनरच्या वेळी त्या म्हणाल्या, "डोळे मिटू नकोस. खाली मेंदीकडे बघ आणि त्यातला मोर कुठून सुरू होतो ते शोध." मुलीने श्वास सोडला की त्या एक छोटी रेघ ओढायच्या, घेतला की थांबायच्या, शेवटी तुकडे जोडले. पुढे होमाच्या धुराने डोळ्यांत पाणी येणार, म्हणून खालच्या पापणीच्या आत काजळ घातलंच नाही. टिश्यूची घडी करवलीच्या हातात दिली: "पुसायचं नाही, टोकाने टिपायचं."

मधेच मुलगी म्हणाली, "ताई, आजपण तशीच दिसले तर?"

"एक-दोन फोटोंत दिसशील. सगळ्यांचंच होतं. ते अल्बममध्ये घ्यायचे नाहीत."

हे ऐकून मुलगी जितकी सैल झाली तितकी कुठल्याही कौतुकाने झाली नसती, असं मला वाटलं. ताईंना या उपायाची मर्यादाही ठाऊक आहे. आरसाच सोसवत नाही, चेहऱ्यापायी घराबाहेर पडणं थांबलंय, अशी मुलगी आली तर त्या आईला बाजूला घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला सांगतात. तिथे नथ आणि चिकटपट्टी पुरत नाहीत.

फोटोग्राफरशी त्या आधीच बोलल्या होत्या: लांबून काढा, फ्लॅश सरळ तोंडावर नको. त्याने ऐकलं. पण अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या आणि चहूबाजूंनी मोबाइल पुढे आले, हातभर अंतरावरून. त्यावर ताईंचा काही इलाज नव्हता. जेवणं उरकेपर्यंत ते फोटो घरच्या ग्रुपवर पोचले आणि संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"ताई, नाक..."

"कुणी काढलाय?"

"मावसबहिणीने."

"किती लांबून?"

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "सेल्फी आहे." आणि फोटोग्राफरचे फोटो कधी येतात ते विचारू लागली.