पेटीवरचा तीव्र मध्यम आणि मेटलचा अंधार

कळव्याहून सकाळची लोकल पकडणाऱ्या कॉलेजच्या पोरांमध्ये काळा टी-शर्ट आणि कानात हेडफोन असलेला एक तरी मेटलवाला असतोच. त्याला विचारा, ‘यात एवढं भयानक काय वाटतं?’ तर तो म्हणेल, ‘आवाज हेवी आहे ना!’ पण नुसत्या मोठ्या आवाजाने भीती वाटत असती, तर गणपतीतल्या डीजेलाही आपण घाबरलो असतो. मेटलमधला अंधार येतो तो स्वरांमधून. आणि त्यातला मुख्य स्वर आपल्या भजनी मंडळाच्या पेटीवरही आहे!

गोष्ट 1970 सालची. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचा पहिला अल्बम 13 फेब्रुवारीला बाजारात आला. बँडचं, अल्बमचं आणि पहिल्या गाण्याचं नाव एकच. सुरुवातीला पावसाचा आवाज, लांबवर घंटा, आणि मग टोनी आयोमीची गिटार. रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ती छोटी सुरावट, फक्त तीन स्वरांची आहे. बँडचा बास वाजवणारा गीझर बटलर हा गुस्ताव होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’मधल्या ‘मार्स’चा चाहता होता. तो ते बासवर वाजवून बघत होता आणि त्याच ओढीतून आयोमीला हा रिफ सुचला.

आता हा रिफ पेटीवर वाजवू. पांढरी एक सा धरा. आधी तो सा, मग त्याच्या वरच्या सप्तकातला सा, आणि मग खाली येऊन काळी तीन, म्हणजेच तीव्र मध्यम. मूळ गाण्याची पट्टी वेगळी आहे, पण स्वरांमधलं अंतर हेच. हे हळू, प्रत्येक स्वरावर थांबत वाजवा. झाला मेटलचा जन्म!

सा ते तीव्र मध्यम या अंतराला पाश्चात्त्य संगीतात ट्रायटोन म्हणतात. पेटीवर मोजून बघा. खालच्या सा पासून काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरत गेलात तर सहाव्या पायरीला तीव्र मध्यम येतो. तिथून आणखी सहा पायऱ्या गेलात की वरचा सा. म्हणजे हा स्वर सप्तकाच्या बरोबर मध्यावर आहे. दोन्ही सा त्याच्यापासून सारखेच लांब, त्यामुळे ‘घर’ नक्की कुठल्या बाजूला आहे ते कानाला कळत नाही.

आमच्या बिल्डिंगमधले एक काका भजनात पेटीची साथ करतात. त्यांना हा रिफ ऐकवला. दोनदा ऐकून ते म्हणाले, ‘‘अरे, तीव्र मध्यम तर यमनमध्ये पण आहे. तिथे कोण घाबरतं? पण हा माणूस पंचमावर जाऊन बसतच नाही!’’ काकांनी नेमकं बोट ठेवलं. यमनमध्ये तीव्र मध्यम पंचमाकडे झुकतो आणि पंचम आला की ताण सुटतो. मारवा आठवा. त्यात तीव्र मध्यम आहे, पण पंचम वर्ज्य, आणि तो राग अस्वस्थ, हुरहुर लावणाराच वाटतो. आयोमी तीव्र मध्यमावर थांबतो, तो थरथरवतो आणि पंचमावर मुक्काम न करता पुन्हा खालच्या सा वर येतो. प्रश्न विचारायचा आणि उत्तर न देताच तोच प्रश्न पुन्हा विचारायचा, असा हा प्रकार आहे. त्यामुळे ‘ट्रायटोन म्हणजेच भीती’ हे समीकरण अर्धवट आहे. तो सुटतो की लटकत राहतो, यावर सगळं ठरतं.

पण मग मेटलच का? इथे इलेक्ट्रिक गिटारचं डिस्टॉर्शन येतं. अँप्लिफायरला झेपेल त्याहून जास्त सिग्नल दिला की ध्वनिलहरीचे माथे कापले जातात. एकाच वेळी दोन स्वर वाजत असतील तर अशा वेळी त्यांच्या कंपनसंख्यांच्या वजाबाकीचा एक तिसरा स्वरही तयार होतो. समजा सा 200 हर्ट्झचा आहे. त्याचा पंचम 300. वजाबाकी 100, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला सा! म्हणून सा आणि पंचम एकत्र वाजवलेली ‘पॉवर कॉर्ड’ डिस्टॉर्शनमध्ये भक्कम, पायाला भिडणारी वाटते. आता पंचमाऐवजी तीव्र मध्यम घ्या, तो साधारण 283. वजाबाकी 83. हा आकडा धड कुठल्या सुरात बसत नाही. तळाशी सा चा पाया मिळायच्या ऐवजी एक बेसूर गुरगुर मिळते. पेटीवर जी नुसती खटकणारी जागा होती, ती डिस्टॉर्शनमध्ये अक्षरशः खरखरते. ऑर्केस्ट्रात ट्रायटोन आधीपासून होताच, पण त्याला हे दात गिटारने दिले.

दुसरा भाग मायनर स्केलचा, म्हणजे आपल्या भाषेत कोमल गंधाराचा. यात एक गंमत आहे. पॉवर कॉर्डमध्ये गंधार नसतोच, फक्त सा आणि पंचम. कोमल गंधार त्यात एकत्र घातला तर डिस्टॉर्शनमध्ये त्याच्याही वजाबाकीचा स्वर सा चा पाया धरत नाही आणि कॉर्डचा चिखल होतो. म्हणून मेटलवाले कॉर्ड कोरी ठेवतात आणि कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद एकामागून एक रिफमधून ऐकवतात. हे तिन्ही कोमल धरले की साधारण आसावरी थाट होतो. पुढच्या काळातल्या थ्रॅश आणि डेथ मेटलने त्यात कोमल रिषभही आणला, म्हणजे भैरवी थाटातले स्वर. सा च्या अगदी अंगाला चिकटलेला तो कोमल रे भरधाव तालात आला की धोक्याची घंटाच वाटते. भैरवीत मात्र तोच स्वर निरोपाचा वाटतो. इथेही लय, वाद्य आणि कानाला लागलेली सवय, हे सगळं मिळून भाव ठरवतं.

या विषयात दोन गैरसमज हमखास फॉरवर्ड होतात. पहिला, मध्ययुगात चर्चने ट्रायटोनवर बंदी घातली होती आणि तो वाजवणाऱ्याला शिक्षा व्हायची. अशा बंदीचा पुरावा नाही. गायला अवघड आणि कर्कश म्हणून गायक तो टाळायचे. ‘संगीतातला सैतान’ हे त्याचं लॅटिन नाव छापील संगीतग्रंथांत दिसतं ते 18व्या शतकाच्या सुरुवातीला. दुसरा गैरसमज आयोमीच्या बोटांचा. 17 वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कापली गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच जायबंदी झाला. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि हलक्या तारा लावल्या. पुढे ताराही सैल केल्या, त्यातून आवाज आणखी खर्जात गेला. ‘म्हणून तो पहिला रिफ इतका भीषण’ असं सांगितलं जातं, पण तारा सैल करणं 1971च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या अल्बमपासून ठळक झालं. पहिल्या अल्बमवर गिटार नेहमीच्याच सुरात होती. तिथला अंधार स्वरांच्या निवडीतलाच.

खात्री करायची असेल तर एक सोपा प्रयोग आहे. तेच तीन स्वर पुन्हा वाजवा, फक्त काळी तीनच्या जागी शेजारची पांढरी पाच, म्हणजे पंचम घ्या. लय तीच, थांबण्याच्या जागा त्याच. एका पट्टीच्या फरकाने ती सुरावट एखाद्या मिरवणुकीच्या बिगुलासारखी वाटायला लागते.