होमस्टेचं लिस्टिंग: फोटो, सोयी आणि घरचे नियम खरे कसे लिहायचे

मागच्या महिन्यात बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "गावाकडे आमचं घर आहे, दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्यात, ऑनलाइन टाकताना लिहायचं काय?" आजचा भाग त्यावरच. ऐकायला वेळ नसेल तर हे वाचा, मुद्दे सगळे तेच आहेत.

उदाहरण माझ्या आत्याच्या घराचं घेतो. गुहागरजवळ नारळी-पोफळीच्या वाडीत कौलारू घर आहे. चार खोल्या पाहुण्यांना, बाकी घरात आत्या आणि काका. त्यांचं पहिलं लिस्टिंग एका बुकिंग एजंटने करून दिलं होतं. 'सी-साइड हेरिटेज स्टे, ऑल मॉडर्न ॲमेनिटीज'. ते वाचून एक कुटुंब रात्री साडेदहाला पोहोचलं. सोबत गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी. त्यांच्या खोलीचं बाथरूम मागच्या अंगणात, चार पायऱ्या उतरून, आणि कमोड नाही. रात्रभर आजींचे हाल झाले, सकाळी मुलगा आत्यावर चिडला आणि मग एक स्टारचा रिव्ह्यू आला. गंमत बघा, बाथरूम स्वच्छ होतं, जेवणही चांगलं होतं. फक्त ते आहे कुठे आणि कसं, हे कुणीच लिहिलं नव्हतं. म्हणून आम्ही लिस्टिंग पहिल्यापासून नव्याने लिहिलं.

आधी फोटो

फोनच्या कॅमेऱ्यात ०.५ एक्स असं बटण असतं. त्या वाइड लेन्सने दहा बाय बाराची खोली लग्नाच्या हॉलसारखी दिसते. पाहुणा आत आला की पहिल्या मिनिटाला वाटतं, "फोटोत मोठी होती." म्हणून १ एक्सवरच काढा. एका फोटोत खोली मावत नाही ना? मग समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून, छातीच्या उंचीवर फोन धरून दोन फोटो काढा आणि खाली लिहा: '१० बाय १२ फूट, एक डबल बेड, जमिनीवर एक गादी घालता येते.' वेळ सकाळी नऊ-दहाची, खिडक्या उघड्या, फिल्टर नाही.

खोल्यांचे फोटो सगळेच टाकतात. नंतर भांडण होतं ते न टाकलेल्या फोटोंवरून. आम्ही चार फोटो मुद्दाम टाकले: खोलीच्या दारातून दिसणारी बाथरूमची वाट, बाथरूम आतून, त्या चार पायऱ्या आणि घराकडे येणारी शेवटची अरुंद पाखाडी, जिथे गाडी वळत नाही. आत्या म्हणाली, "अरे, पायऱ्यांचा फोटो कोण टाकतं? येणारे पळून जातील ना!" मी म्हटलं, "आत्या, ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत ते फोन ठेवून दुसरीकडे गेले तर चालेल. रात्री साडेदहाला दारात कळलं तर नाही चालणार."

समुद्राचा फोटो टाका, पण घराच्या फोटोंमध्ये मिसळू नका. त्याच्या खाली लिहा: 'किनारा घरापासून चालत ९ मिनिटं, खोलीतून दिसत नाही.' मिनिटं मात्र स्वतः चालून मोजा. मॅपवरची रेघ वाडीच्या कुंपणातून जाते, माणूस जात नाही.

सोयी: टिक करू नका, वाक्य लिहा

ॲपवर सोयींची यादी असते: वायफाय, गरम पाणी, एसी, पॉवर बॅकअप. टिक केली की 'आहे' एवढंच कळतं. पाहुण्याला हवं असतं ते कधी, किती आणि कुठे.

गरम पाणी घ्या. आत्याकडे १५ लिटरचा गिझर आहे. त्या पाण्यात थंड मिसळून आंघोळीच्या साधारण दोन बादल्या होतात आणि पुन्हा तापायला वीसेक मिनिटं लागतात. चौघांना सकाळी आठला एकदम निघायचं असेल तर तिसरा माणूस ओरडणार. म्हणून लिहिलं: 'गिझर १५ लिटरचा. दोन आंघोळींनंतर २० मिनिटं थांबावं लागतं. सकाळी ६ ते ८ चुलीवरचं गरम पाणीही मिळतं.'

बॅकअपचंही तसंच. इन्व्हर्टर आहे, पण त्यावर पंखे आणि दिवे चालतात, एसी आणि गिझर नाही. चार पंखे आणि सात-आठ एलईडी दिवे म्हणजे साधारण ३५० वॉट. १५० एएचच्या एका चांगल्या बॅटरीवर हे चारेक तास चालतं. पावसाळ्यात कधी त्याहून जास्त वेळ वीज जाते. तेही लिहिलं.

वायफायचा स्पीड राउटरशेजारी उभं राहून मोजू नका. रात्री नऊला, प्रत्येक खोलीत, दार लावून मोजा. आमच्या शेवटच्या खोलीत जुन्या जांभ्याच्या जाड भिंतीमुळे सिग्नल जेमतेम पोहोचतो. मग वाक्य झालं: 'वायफाय ओटीवर आणि पहिल्या दोन खोल्यांत चांगलं. चौथ्या खोलीत व्हिडिओ कॉल होत नाही.' वर्क फ्रॉम होमवाल्याने चौथी खोली घेऊच नये, एवढंच या वाक्याचं काम.

नियम: थोडे आणि कारणासकट

आत्याच्या डोक्यात सतरा नियम होते. सगळे लिहिले तर घर हॉस्टेल वाटतं आणि कुणी वाचतही नाही. आम्ही एकच चाळणी लावली: जो नियम कळल्यावर पाहुणा बुकिंग बदलू शकतो, तो लिस्टिंगवर. बाकीचे आल्यावर चहा घेताना सांगायचे. उरले ते असे:

- घरात दारू चालत नाही, अंगणातही नाही. आम्ही इथेच राहतो.
- रात्रीच्या जेवणाची ऑर्डर दुपारी ४ पर्यंत. मासे त्या दिवशी बाजारात मिळतील ते, भाव आधी सांगू.
- रात्री साडेदहाला फाटक बंद होतं. उशीर होणार असेल तर फोन करा, काका उघडतात.
- चेक-इन दुपारी १२. पहाटेच्या बसने आलात तर ओटीवर बसायची, चहाची आणि बाथरूमची सोय आहे, खोली मात्र १२ लाच.
- प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं. परदेशी पाहुणे असतील तर २४ तासांच्या आत त्यांची माहिती कळवणं आम्हाला बंधनकारक आहे, म्हणून पासपोर्ट आणि व्हिसा दाखवा.
- फाटकावर एक कॅमेरा आहे. घरात कुठेही नाही.

प्रत्येक ओळीत नियमासोबत कारण किंवा पर्याय आहे, बघा. 'उशिरा येऊ नये' वाचून माणूस वैतागतो, 'फोन करा, काका उघडतात' वाचून फोन करतो. कोण चालेल, कोण नाही याबद्दलही आडून लिहू नका. अविवाहित जोडप्यांना खोली देणार असाल तर तसं स्पष्ट लिहा, नसाल तरी लिहा. पैसे भरून दारात आलेल्याला परत पाठवणं सर्वांत वाईट.

टाकण्याआधीची टेस्ट

कोड दुसऱ्याकडून तपासून घेतो तसंच हेही. घर न पाहिलेल्या एका मित्राला लिस्टिंग द्या आणि विचारा: बाथरूम कुठे आहे? गाडी कुठे लागेल? वीज गेली तर काय चालू राहील? रात्री अकराला पोहोचलो तर काय? जिथे तो "असेल बहुतेक" म्हणेल, तिथे एक वाक्य कमी आहे.

आणि लिस्टिंग एकदा लिहून संपत नाही. मेमध्ये विहीर खाली जाते, जूनमध्ये पाखाडी निसरडी होते आणि समुद्रात उतरता येत नाही. आम्ही मार्च, जून आणि ऑक्टोबरला फोनवर रिमाइंडर लावलाय. त्या दिवशी आत्या मजकूर मोठ्याने वाचते आणि बदललेलं मला सांगते.

तुमच्या घराचं लिस्टिंग असेल तर त्यातलं सगळ्यात गोलमोल वाक्य कमेंटमध्ये टाका, पुढच्या भागात ते मिळून दुरुस्त करू. भेटू मग!